कर्जासाठी सक्तीने घ्यायला लावलेल्या विमा पॉलिसीविरुद्ध तक्रार अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि मजकूर

समजा, बोरिवलीतील एका कुटुंबाला २० वर्षांसाठी गृहकर्ज मंजूर झाले, पण रक्कम मिळण्याच्या आदल्या दिवशी शाखेतून सांगण्यात आले की, १,२०,००० रुपयांची एकरकमी हप्त्याची जीवनविमा पॉलिसी घेतल्याशिवाय धनादेश निघणार नाही. बिल्डरला दिलेली तारीख जवळ आलेली असते, म्हणून माणूस सही करतो. तो हप्ता कर्जातच मिळवला जातो. वार्षिक साडेआठ टक्के दराने त्यापोटी मासिक हप्ता सुमारे १,०४० रुपयांनी वाढतो आणि २० वर्षांत एकूण अडीच लाखांच्या आसपास रक्कम भरावी लागते.

बँकेने वित्तीय सेवा आणि विमा यांचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध जोडू नये आणि विमा घेणे पूर्णपणे ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगावे, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. एक सेवा मिळण्यासाठी दुसरी विकत घ्यायला भाग पाडणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. मुदत ठेवीसाठी गेलेल्याला पॉलिसी घ्यायला लावली, तरी हेच लागू होते. मात्र तारण घराचा किंवा वाहनाचा विमा काढण्याची अट कर्ज देणारी संस्था घालू शकते. तिथे तक्रारीचा मुद्दा ‘विमा का’ हा नसून ‘याच कंपनीचा का’ हा असतो. या दोन बाबी अर्जात मिसळल्या की, बँक सोयीच्या मुद्द्याला उत्तर देते आणि मूळ तक्रार तशीच राहते.

अर्ज दोन लिहावे लागतात, आणि घाई दुसऱ्याचीच असते. पहिला बँकेच्या शाखाधिकाऱ्याला व तक्रार निवारण अधिकाऱ्याला, तर दुसरा विमा कंपनीला, पॉलिसी रद्द करण्यासाठी. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या फ्री लूक मुदतीत ती कारण सिद्ध न करता परत करता येते. जोखमीचा प्रमाणशीर हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम मिळते. समूह पॉलिसी असल्यास प्रमाणपत्रावर छापलेली मुदत पाहावी. रक्कम कर्जखात्यात जमा करून मुद्दल कमी करावे व हप्ता नव्याने ठरवावा, असे बँकेच्या अर्जात स्पष्ट मागावे.

कागदपत्रांत मंजुरीपत्र, कर्जाचे मुख्य तथ्य विवरण, कर्जखात्याचा उतारा, पॉलिसी व प्रस्ताव अर्जाची प्रत जोडावी. प्रस्ताव अर्जावर ‘स्वेच्छेने घेत आहे’ असे छापलेले असते आणि त्याखाली आपलीच सही असते. बँकेचा सगळा बचाव त्या ओळीवर उभा राहतो. म्हणून तारखांचा क्रम महत्त्वाचा : मंजुरी आधी, पॉलिसी नंतर, आणि लगेच रक्कम वितरित. अधिकाऱ्याचा ‘इन्शुरन्स झाला की डिस्बर्समेंट करतो’ असा व्हॉट्सॲप संदेश असेल, तर तो तारीख दिसेल असा छापून जोडावा. खातरजमेच्या फोनवर ‘सगळ्याला हो म्हणा’ असे आधीच सांगितले गेले असल्यास तेही लिहावे आणि विमा कंपनीने ते ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, अशी मागणी करावी.

बँकेच्या अर्जातील मुख्य परिच्छेद असा लिहिता येईल : ‘माझे कर्ज दिनांक … रोजी मंजूर झाले. दिनांक … रोजी आपल्या शाखेतील … या पदावरील अधिकाऱ्याने पॉलिसी घेतल्याशिवाय रक्कम वितरित होणार नाही, असे सांगितले. पॉलिसी क्रमांक …, हप्ता रुपये …, ही मी मागितली नव्हती. पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज मी विमा कंपनीस स्वतंत्रपणे दिला आहे. परत येणारा हप्ता कर्जखात्यात जमा करावा, त्यावर आकारलेले व्याज परत करावे आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा.’ ‘फसवणूक झाली’ असे मोघम लिहिण्यापेक्षा पद, तारीख आणि बोललेले शब्द लिहिणे अधिक उपयोगी पडते. शाखेत अर्ज दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. शिक्का नाकारला, तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर असमाधानकारक असले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल, तर हा मार्ग चालत नाही आणि तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे न्यावी लागते. अनेक अर्ज इथेच चुकीच्या दारी जाऊन महिनाभराने परत येतात. विमा कंपनीने परतावा नाकारल्यास विमा नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतरही प्रश्न सुटला नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईचे हे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. तेथे वकील लागत नाही. विमा कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जावे लागते.