एका अक्षराची दुरुस्ती: कापायचं, बदलायचं की नव्यानं लिहायचं?

आमच्याकडे पेशी-संपादनाचं काम घेऊन येणारे बहुतेक जण "क्रिस्पर करून द्या" एवढंच सांगतात. त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो: सध्या अक्षर कोणतं आहे आणि त्याच्या जागी कोणतं हवं? पद्धत त्यावरूनच ठरते. विदर्भ आणि नंदुरबार भागात सिकलसेलवर काम करणारे बरेच आहेत, म्हणून तेच उदाहरण घेऊ. (आम्ही फक्त प्रयोगशाळेतल्या पेशींवर काम करतो, रुग्णांवर उपचार करत नाही.)

सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिनच्या जनुकातल्या सहाव्या शब्दाचं एक अक्षर बदललेलं असतं. GAG हवं तिथे GTG असतं. म्हणजे T काढून A बसवायचा आहे.

नेहमीची कात्री

क्रिस्परमधलं कॅस-9 हे एन्झाइम डीएनएच्या दोन्ही पट्ट्या कापतं. पुढची दुरुस्ती पेशी करते, आणि ती सहसा घाईनं टोकं जोडून टाकते. त्यात एक-दोन अक्षरं गळतात किंवा वाढतात. जनुक बंद पाडायचं असेल तर हेच हवं असतं. पण इथे तसं झालं तर सिकलचं जनुक सुधारण्याऐवजी बीटा-ग्लोबिन बनवणंच थांबू शकतं, म्हणजे थॅलेसेमियासारखी स्थिती. सोबत बरोबर नमुना दिला तर काही पेशी तो उतरवून घेतात, मात्र ते मुख्यतः विभाजन चालू असलेल्या पेशींत होतं. ब्रिटन आणि अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालेलं कॅसजेव्ही हे औषध कात्रीचंच आहे, पण ते सिकलच्या अक्षराला हात लावत नाही. ते बीसीएल11ए या दुसऱ्या जनुकाचा रक्तपेशींतला नियंत्रक तुकडा तोडतं, आणि त्यामुळे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं.

बेस एडिटिंग

यात कॅस-9 एकच पट्टी चिरतं आणि त्याला जोडलेलं एन्झाइम अक्षराचं रसायन बदलतं. एका प्रकारानं C चा T होतो, दुसऱ्यानं A चा G. समोरच्या पट्टीवरून काम केलं तर G चा A आणि T चा C हेही जमतं. बारा शक्य बदलांपैकी हे चार. आपल्याला हवा असलेला T चा A त्यात नाही.

तरीही इथे एक वाट आहे. समोरच्या पट्टीवर GTG चं CAC वाचलं जातं. मधल्या A चा G केला की मूळ पट्टीवर GCG होतं आणि व्हॅलिन या अमिनो आम्लाच्या जागी ॲलानिन येतं. हे हिमोग्लोबिन मकासर. ते निसर्गातही आढळतं आणि त्यानं पेशी विळ्यासारख्या होत नाहीत. कॅस-9 ला नेमकी जागा दाखवणाऱ्या मार्गदर्शक आरएनएची वीस अक्षरं अशी:

```
TTCTCCACAGGAGTCAGATG
```

एन्झाइम साधारण चौथ्या ते आठव्या अक्षरापर्यंत पोचतं. आपला A सातवा आहे. नववा A कधीकधी सोबत बदलतो, पण त्यामुळे CCT चं CCC होतं आणि दोन्हींचा अर्थ प्रोलिनच, म्हणून इथे नुकसान नाही. दुसऱ्या जनुकात शेजारचा A असा निरुपद्रवी असेलच असं नाही, ते आधी तपासावं लागतं. या जागेपुढे नेहमीच्या कॅस-9 ला लागणारं NGG, म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि दोन G, नसून CACC आहे, त्यामुळे ते ओळखणारं सुधारित कॅस-9 लागतं.

प्राइम एडिटिंग

दोन्ही पट्ट्या न कापता GTG चं खरोखर GAG करायचं असेल तर ही पद्धत. इथेही एकच पट्टी चिरली जाते, पण मार्गदर्शक आरएनएच्या शेपटीला दुरुस्त मजकूर जोडलेला असतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज तो वाचून चिरेपासून नवा डीएनए लिहितं. बाराही बदल होतात, शिवाय काही अक्षरं घालता-गाळता येतात. अडचण अशी, की पेशीची चूक-दुरुस्ती यंत्रणा नवं अक्षर चुकीचं समजून जुनं परत बसवू शकते. त्यामुळे एकाच जागेसाठी आम्ही शेपटीच्या वेगवेगळ्या लांबीचे अनेक नमुने करून पाहतो. वेळ आणि खर्च त्यातच जातो.

तपासणी कशी करावी

सिकलसाठी पुष्कळ ठिकाणी डीडीई-वन हे एन्झाइम वापरतात. ते CTNAG दिसलं की कापतं. निरोगी जनुकात CTGAG असल्यानं तुकडे पडतात, सिकलमध्ये CTGTG असल्यानं पडत नाहीत. मकासरमध्ये CTGCG असतं, म्हणजे तिथेही कापणार नाही. एका कामात आम्ही जेलवर न कापलेली पट्टी पाहिली आणि संपादन फसलं असं धरून त्या पेशी जवळजवळ टाकूनच देणार होतो. क्रमवाचन केलं तेव्हा GCG दिसलं. तेव्हापासून बेस एडिटिंगचा निकाल आम्ही फक्त क्रमवाचनावरूनच देतो.

कात्रीच्या कामात आणखी एक सावधगिरी लागते: मोठा तुकडा गळून पीसीआरच्या प्रायमरची जागाच गेली असेल तर ती प्रत जेलवर दिसतच नाही, आणि उरलेली निरोगी प्रत पाहून सगळं ठीक वाटतं. म्हणून लांबच्या प्रायमरनंही एकदा तपासतो.

काम देताना बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंची शंभरेक अक्षरं, हवा असलेला बदल, आणि पेशी विभाजन पावतात की नाही, एवढं लिहून पाठवा.