फोनला वेळ कळते, ठिकाण कळत नाही

प्रवासाहून उतरल्यावर फोनचे घड्याळ तासभर पुढे किंवा मागे दिसले की पहिला संशय फोनवर जातो. पण तीस वर्षांपूर्वी मोबाइल नेटवर्कने फोनला वेळ सांगायची जी पद्धत ठरवली, तिच्यातच या घोटाळ्याचे मूळ आहे. त्या पद्धतीत फोनला वेळ सांगितली जाते, ठिकाण सांगितले जात नाही.

जीएसएम या तंत्रावर चालणाऱ्या सुरुवातीच्या मोबाइल फोनमध्ये घड्याळ हातानेच लावावे लागे. त्याच काळातल्या सीडीएमए या दुसऱ्या तंत्राच्या नेटवर्कचे मात्र अचूक वेळेशिवाय पानच हलत नसे. त्यांचे टॉवर जीपीएस उपग्रहांकडून वेळ घेऊन एकमेकांशी जुळवलेले असत, त्यामुळे ती वेळ फोनपर्यंत पोचवणे त्यांना सोपे होते. सोबत स्थानिक वेळेचा फरकही जाई, पण तो अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पटीत. नेपाळची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, पावणेसहा तास पुढे आहे. तो पाऊण तास या मोजणीत बसतच नव्हता.

जीएसएमने 1996च्या मानकांत ‘निट्झ’ नावाची सोय आणली आणि ती पुढच्या पिढ्यांच्या नेटवर्कमध्येही चालत आली. फोन नेटवर्कवर नोंदला गेला, किंवा एका विभागातून दुसऱ्यात गेला, की नेटवर्क त्याला एक छोटा संदेश पाठवू शकते. त्यात तीन गोष्टी असतात: यूटीसीनुसार तारीख-वेळ, स्थानिक वेळेचा फरक पाव तासांच्या हिशेबात, आणि उन्हाळ्यापुरती घड्याळे पुढे करण्याची पद्धत, म्हणजे उन्हाळी वेळ, लागू असेल तर ती किती तासांची. नेपाळचा फरक आता 23 पाव तास असा नीट लिहिता येऊ लागला.

या संदेशात दोन उणिवा राहिल्या. एक म्हणजे तो पाठवायचा की नाही हे कंपनीच्या मर्जीवर आहे. तुम्ही रोमिंगवर असाल तर तो पाहुण्या देशातल्या नेटवर्ककडून येतो, आणि त्या नेटवर्कने ही सोय चालूच केली नसेल तर फोनला काही कळत नाही. दुसरी उणीव अधिक खोल आहे: संदेशात टाइम झोनचे नावच नसते.

फोनला मात्र नाव हवे असते. पुढच्या महिन्यातली एखादी वेळ काढायची तर आजचा फरक पुरत नाही, त्या जागी उन्हाळी वेळ कधी सुरू होते आणि कधी संपते हेही ठाऊक लागते. हे नियम एका सार्वजनिक संग्रहात जपले जातात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो 1980च्या दशकात सुरू केला, आणि 2011पासून त्याची व्यवस्था इंटरनेटची नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेकडे आहे. त्यात प्रत्येक झोन एखाद्या शहराच्या नावाने ओळखला जातो, जसे `Australia/Sydney`. म्हणून फोनला तर्क करावा लागतो. टॉवर आपल्या देशाचा तीन आकडी कोड सांगतच असतो. तो कोड, वेळेचा फरक आणि उन्हाळी वेळेची खूण या तिन्हींत कोणता झोन बसतो ते फोन शोधतो.

जिथे सगळ्या देशाची एकच वेळ आहे तिथे हा तर्क चुकत नाही, नुसता देशाचा कोडही पुरतो. ऑस्ट्रेलियात मात्र त्याची कसोटी लागते. सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत उन्हाळी वेळ असते. ब्रिस्बेन ज्या क्वीन्सलँड राज्यात आहे, तिथे 1992च्या सार्वमतात लोकांनी ती नाकारली.

समजा, जुलैत कोणी सिडनीहून ब्रिस्बेनला गेले. ब्रिस्बेनचे नेटवर्क कळवते: देशाचा कोड 505, फरक अधिक 40 पाव तास, उन्हाळी वेळ शून्य. सिडनीचे नेटवर्क जुलैत हुबेहूब हेच कळवते. दोन्ही झोन चपखल बसतात, त्यामुळे फोन आधीचा सिडनीचाच झोन धरून ठेवू शकतो. घड्याळ बरोबर दिसते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. आता या माणसाने ब्रिस्बेनमधली 20 ऑक्टोबरची सकाळी 10ची भेट कॅलेंडरमध्ये टाकली. फोन ती ‘सिडनीचे 10’ म्हणून साठवतो. ऑक्टोबरात सिडनी यूटीसीच्या 11 तास पुढे गेलेले असते, म्हणजे भेट यूटीसीनुसार आदल्या रात्री 11ला नोंदली गेली. तोवर नेटवर्ककडून येणारा 10 तासांचा फरक सिडनीशी जुळेनासा होतो, फोन झोन बदलून ब्रिस्बेनचा करतो आणि भेट सकाळी 9ला दाखवतो. ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती घडते जुलैत आणि उघडकीस येते ऑक्टोबरात.

दोन्ही राज्यांच्या सीमेवर चूक लगेच दिसते. कूलंगट्टा क्वीन्सलँडमध्ये आणि त्याला चिकटलेले ट्वीड हेड्स न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, आहे. गोल्ड कोस्ट विमानतळाची धावपट्टीच ही सीमा ओलांडते. उन्हाळ्यात तिथे फोनने पलीकडचा टॉवर पकडला, तर बसल्या जागी घड्याळ तासभर पुढे जाऊ शकते.

यावर उतारा म्हणून फोनने ठिकाणाचाच आधार घ्यायला सुरुवात केली. आयफोनमध्ये त्यासाठी लोकेशनच्या सिस्टीम सेवांत वेगळा पर्याय आहे. अँड्रॉइडने 2021च्या बाराव्या आवृत्तीत ही सोय प्रणालीतच आणली: जीपीएस, वाय-फाय किंवा टॉवरवरून फोन आपली जागा काढतो आणि झोनच्या सीमांच्या नकाशात ती कुठे पडते ते पाहतो. यात जुलै आणि ऑक्टोबरचा भेद उरत नाही, कारण ब्रिस्बेन नकाशावर बाराही महिने ब्रिस्बेनच असते.

तरी ही पद्धत निर्दोष नाही. लोकेशन बंद असेल तर फोन पुन्हा नेटवर्कच्या संदेशावर येतो. इमारतीच्या आत जीपीएस मिळत नाही, तेव्हा फोन आसपासच्या वाय-फाय राउटरच्या नोंदवलेल्या जागांवर विसंबतो. एखादा राउटर दुसऱ्या शहरातून उचलून आणलेला असेल आणि त्याची नोंद जुनीच असेल, तर फोन त्या जुन्या शहराची वेळ दाखवू शकतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन सतत जागा तपासतही नाही, त्यामुळे उतरल्यावर थोडा वेळ जुनाच झोन दिसू शकतो.

आणि सरकारने नियमच ऐनवेळी बदलला, तर ठिकाण बरोबर असूनही वेळ चुकते. मार्च 2023मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ पुढे ढकलल्याचे जेमतेम काही दिवस आधी जाहीर केले. ज्या फोनमध्ये जुने नियम होते, ते ठरल्याप्रमाणे तासभर पुढे गेले.

चूक कुठली हे ओळखायचे तर घड्याळाकडे न पाहता तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये झोनचे नाव पाहावे. नाव चुकीचे असेल तर लोकेशन आणि झोन आपोआप ठरवण्याचा पर्याय चालू आहे का ते तपासावे, मग मिनिटभर एअरप्लेन मोड लावून काढावा. त्याने फोन नेटवर्कवर नव्याने नोंदला जातो आणि संदेश पुन्हा येण्याची संधी मिळते. नाव बरोबर असून वेळ चुकत असेल तर फोनमधले नियम जुने आहेत, त्याला अपडेट हवे. सीमेलगत मुक्काम असेल तर आपोआपचा पर्याय तेवढे दिवस बंद करून शहर हाताने निवडणे बरे, आणि पुढल्या ऋतूतली भेट टाकताना कॅलेंडरमध्ये त्या भेटीचा झोनही स्वतः निवडावा.