गूगल खातं बंद करण्याआधी डेटा कसा उतरवून घ्यावा

मोबाइलवर जीमेल चालू आहे, पण लॅपटॉपवर लॉगिन होत नाही. पासवर्ड आठवत नाही आणि ओटीपी जातो तो बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. अशी तक्रार घेऊन दुकानात येणाऱ्यांना आमचं पहिलं सांगणं एकच असतं: त्या मोबाइलमधून खातं काढू नका आणि फोन रीसेटही करू नका. पासवर्ड परत मिळवायचा प्रयत्न त्याच फोनवरून, घरच्या नेहमीच्या वाय-फायवर करा. ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा गूगल विचारात घेतं.

मग त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये takeout.google.com उघडा. खात्यातल्या डेटाचा संग्रह करून उतरवायला देणारी गूगलची ही टेकआउट सेवा. इथे पुन्हा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. कधी कधी फोनच्या स्क्रीन लॉकवर काम भागतं. तिथेच अडलात तर निदान फोटो आणि ड्राइव्हमधल्या फाइली त्या त्या अ‍ॅपमधून उतरवून घ्या.

समजा खात्यात 13 जीबी डेटा आहे. टेकआउटमध्ये सुरुवातीला सगळ्याच सेवांवर टिक असते, म्हणून आधी 'Deselect all' दाबा आणि मेल, फोटो, ड्राइव्ह एवढंच निवडा. संग्रह ड्राइव्हमध्ये ठेवण्याचा पर्याय सोयीचा वाटतो, पण घेऊ नका. फुकट जागा 15 जीबीच असल्याने तो तिथे मावणार नाही. मावला असता तरी खात्याबरोबरच गेला असता. ईमेलने लिंक मागवा, झिप निवडा आणि प्रत्येक भागाचा आकार 2 जीबी ठेवा, कारण त्याहून मोठी झिप जुन्या संगणकांवर उघडताना त्रास देते. साधारण सात भाग होतील. फोनमध्ये जागा कमी असेल तर एक भाग उतरवा, केबलने लॅपटॉपवर घ्या, फोनमधला पुसा, मग पुढचा.

संग्रह तयार व्हायला काही तास लागतात, कधी काही दिवसही. लिंक साधारण आठवडाभरच चालते, त्यामुळे गावाला जायच्या आदल्या दिवशी मागवू नका.

सगळे भाग उतरले तरी खातं लगेच डिलीट करू नका. भागांच्या नावांच्या शेवटी 001, 002 असे आकडे असतात. मधला एखादा राहिला नाही ना, ते पाहा. प्रत्येक झिप उघडून बघा. अर्धवट उतरलेली झिप उघडताना एरर देते. फोटोंबरोबर .json फाइली दिसतील. त्या कचरा समजून पुसू नका, फोटो काढल्याची तारीख आणि मथळा त्यांत असतो. मेल .mbox फाइलमध्ये येतो. तो डबल-क्लिकने उघडत नाही, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये आयात करावा लागतो. तिथे दोन-चार जुने मेल अटॅचमेंटसह उघडले, की मग खातं बंद करायला हरकत नाही.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या खात्यावर टेकआउट अ‍ॅडमिनने बंद केलेलं असू शकतं. ते आमच्याकडून सुरू होत नाही, तिथल्या अ‍ॅडमिनलाच भेटा. दुकानात येताना तो फोन, चार्जर आणि रिकामी हार्ड डिस्क आणा. पासवर्ड मात्र तुम्हीच टाका; आम्ही तो विचारत नाही, लिहूनही ठेवत नाही.