३१ डिसेंबरचं पोट्टं कच्चं का दिसतं?

शाळा प्रवेशाचा सीझन आला की नागपुरातल्या आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "आमचं पोट्टं डिसेंबरचं आहे, पहिलीत टाकू की एक वर्ष थांबू?" मग उत्तरांची रांग लागते. कोणी म्हणतं थांबा, थांबलेली पोरं पुढे जातात. कोणी म्हणतं काहून थांबता, फुकट वर्ष जाते. आणि एक काका असतातच जे सांगतात की जानेवारीतली मुलं मुळातच हुशार असतात, मकर रास, शनीचं बळ वगैरे. गंमत अशी की काकांचं निरीक्षण बऱ्याचदा बरोबर निघतं, फक्त त्यात शनीचा काही हात नसतो. हात असतो मंत्रालयातून निघालेल्या एका जीआरचा.

महाराष्ट्रात पहिलीत जायला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आता दोन मुलं घ्या. एक २ जानेवारी २०१९ चं, दुसरं ३० डिसेंबर २०१९ चं. दोघंही २०२५ मध्ये पहिलीला. विदर्भात ऊन उतरायची वाट बघत शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा पहिलं मूल साडेसहा वर्षांचं असतं आणि दुसरं साडेपाच. बाक एक, बाई एक, पुस्तक एक, आणि मधे अख्खं एक वर्ष. साडेपाच वर्षांच्या पोराच्या हिशेबात हे वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळपास १८ टक्के भाग झाला, तेवढं जास्त बोलणं, जास्त खेळणं, पेन्सिल धरायची जास्त सवय, जागेवर बसून राहायची जास्त ताकद त्या जानेवारीवाल्याकडे आधीच आहे. हीच दोघं २०३५ मध्ये दहावीला बसतील तेव्हाही अंतर बारा महिन्यांचंच असेल, पण तोवर ते साडेसहा टक्क्यांच्या आसपास आलेलं असेल. फरक तोच राहतो, त्याचं वजन कमी होत जातं. याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात.

आणि याच गावात वयाची दुसरी रेघ, म्हणजे दुसरी कट-ऑफ तारीख पण आहे. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. म्हणजे ३० डिसेंबर २०१९ चंच मूल तिथे एप्रिल २०२६ मध्ये पहिलीत जाईल, सव्वासहा वर्षांचं होऊन, आणि वर्गातली साधारण पाव मुलं त्याच्यापेक्षा लहान असतील. तेच मूल, तेच आईबाप, तीच कुंडली. एका शाळेत शेंडेफळ, दुसऱ्या शाळेत बरंच मधलं.

हे नुसतं तर्काने नाही, मोजून झालेलं आहे. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये बऱ्याच देशांतल्या गणित-विज्ञानाच्या चाचण्यांचे मार्क जन्मतारखेनुसार लावून बघितले. चौथीत वर्गातली सगळ्यात लहान मुलं सगळ्यात मोठ्या मुलांपेक्षा देशागणिक ४ ते १२ पर्सेंटाइल मागे होती, आठवीत २ ते ९. म्हणजे फरक घटतो, पण आठवीपर्यंत पुसला जात नाही.

आता मला ज्याचं फार कौतुक वाटतं तो भाग, इथे जरा सावकाश वाचा. "मोठं मूल पुढे आहे" यात नेमकं काय मोजलं गेलं? दोन गोष्टी असू शकतात. एक, ते मूल उशिरा शाळेत गेलं, तयार होऊन गेलं, म्हणून जास्त शिकलं. दोन, ते काही जास्त शिकलेलं नाही, पेपरच्या दिवशी त्याचं वय जास्त होतं एवढंच. पहिलं खरं असेल तर पोराला वर्षभर थांबवण्यात फायदा आहे. दुसरं खरं असेल तर थांबवून हाती काही लागत नाही, कारण वय तर घरी बसूनही वाढतंच.

हे दोन वेगळे करायचे कसे? शाळेच्या मार्कांवरून करताच येत नाहीत, कितीही लाख मुलांचा डेटा आणा. कारण पेपरच्या दिवशीचं वय म्हणजे शाळेत टाकलं तेव्हाचं वय अधिक शाळेत काढलेली वर्षं, ही साधी बेरीज आहे. चौथीच्या वर्गात सगळ्यांची शाळेतली वर्षं सारखीच, म्हणजे जो प्रवेशाला वर्षाने मोठा होता तो पेपरलाही बरोबर वर्षाने मोठा. दोन्ही आकडे एकमेकांना चिकटलेले. बरं, वय सारखं धरून बघू म्हटलं, दोघांना बरोबर दहा वर्षांचे असताना तपासलं, तर उशिरा गेलेल्याचं शाळेतलं वर्ष कमी भरतं आणि तुम्ही वय सोडून शिक्षण मोजायला लागता. तीन आकडे, त्यातला एक बाकी दोघांवरून ठरतो, म्हणून एकाला धक्का लावून दुसऱ्याला स्थिर ठेवायची सोयच नाही. संख्याशास्त्राचं कोणतंही सॉफ्टवेअर इथे हात टेकतं.

सुटका एकाच वाटेने होते, चाचणी शाळेच्या बाहेर हवी, शाळा संपत आल्यावर हवी, आणि तिची तारीख कोण कितवीत आहे यावरून ठरलेली नको. अशी चाचणी नॉर्वेत सापडली. तिथे मुलग्यांना अठराव्या वर्षाच्या आसपास लष्करभरतीसाठी बुद्धिमत्तेची चाचणी द्यावी लागायची, आणि प्रत्येकाची तारीख थोडी मागेपुढे असायची. शाळेची रेघही तिथे आपल्यासारखीच वर्षअखेरची. सँड्रा ब्लॅक, पॉल डेव्हरू आणि शेल साल्व्हानेस या तिघांनी २०११ मध्ये त्यावर काम छापलं. ३१ डिसेंबरला जन्मलेला नॉर्वेजियन पोरगा आणि १ जानेवारीला जन्मलेला पोरगा एका दिवसाच्या अंतराचे, पण दुसरा शाळेत वर्षभर उशिरा जातो. अठराव्या वर्षी दोघांचं वय एकच. तर उशिरा गेलेल्याची बुद्धी जास्त भरली का? नाही. उलट किंचित, अगदी किंचित कमी. ज्याने आकडा खरंच हलतो ते म्हणजे चाचणीच्या दिवशीचं वय, काही महिने मोठा असताना तपासलं तर मार्क जास्त. कमाईतही लवकर शाळेत गेलेले सुरुवातीला थोडे पुढे दिसले, कारण ते आधी नोकरीला लागतात, आणि तिशीपर्यंत तोही फरक विरला.

(वर "एका दिवसाच्या अंतराचे" म्हटलं त्यात एक अट लपलेली आहे, आईबापांनी जन्मतारीख निवडलेली नसावी. आपल्याकडे मुहूर्त काढून सिझर करतात तिथे ही तुलना थोडी बिघडते, कारण तारीख निवडणारी घरं आणि न निवडणारी घरं सारखी नसतात. गुरुपुष्य साधणाऱ्यांपैकी कोणी शाळेची रेघ बघून तारीख मागितल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही, आणि वर्गात मूल वयाने कुठे बसणार हे त्या रेघेवरून जास्त ठरतं.)

मग वयाचाच फरक असेल आणि तो विरणारच असेल तर एवढी काळजी कशाला? कारण मधेच कोणीतरी निवड करतं. फरक विरायच्या आधी ज्याची निवड झाली त्याला चांगला कोच, जास्त सराव, अ तुकडी मिळते, आणि मग वयाचा फरक संपला तरी मिळालेल्या सरावाचा फरक उरतो. बेल्जियममध्ये हे अगदी उघडं पडलं. तिथे पोरांच्या फुटबॉलचं वर्ष १ ऑगस्टला सुरू व्हायचं आणि निवडलेल्या गुणी खेळाडूंमध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबरवाले भरपूर असायचे. १९९७ मध्ये रेघ १ जानेवारीला सरकवली, आणि गुणवान पोरं जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली निघायला लागली. ग्रह तिथेच होते, जन्मतारखाही त्याच होत्या, बदलला तो फॉर्मवरचा नियम. ज्योतिषाला याचं उत्तर विचारून बघा.

आपल्याकडच्या क्रिकेटमध्ये बीसीसीआयच्या ज्युनियर वयोगटांची रेघ १ सप्टेंबर आहे. म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेलं डिसेंबरचं पोट्टं जामठ्याच्या ग्राउंडवर अंडर-सिक्स्टीनच्या ट्रायलला त्याच्या गटात मोठ्यांमध्ये मोडतं, आणि ऑगस्टवाला बिचारा तळाला.

याची एक बाजू मात्र गंभीर आहे. अमेरिकेत चार लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. जिथे शाळेची रेघ १ सप्टेंबर आहे अशा राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी दर दहा हजारांत सुमारे ८५ जणांवर एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या आजाराचं निदान झालं होतं, सप्टेंबरवाल्यांत सुमारे ६४. म्हणजे ३४ टक्के जास्त. जिथे ही रेघ नाही तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असा फरक दिसला नाही, आणि त्यानेच उलगडा होतो. एडीएचडी खरा आजार आहे, त्यावरचं औषध गरज असलेल्या मुलाला मिळालंच पाहिजे. पण "एका जागी बसत नाही, ऐकत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा बाईंकडून येते आणि बाई तुलना करतात वर्गातल्या बाकीच्यांशी. साडेपाच वर्षांचं मूल साडेसहाच्या मापाने चंचलच ठरणार. म्हणून अशी तक्रार आली तर डॉक्टरांना मुलाची इयत्ता सांगून थांबू नका, ते वर्गात वयाने कितवं आहे तेही सांगा.

आता कोणाला वाटेल आपल्या शाळेत हे मोजू या. जरूर मोजा, पण दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे एक जून. जुन्या पिढीत निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मल्यासारखा आहे, कारण गुरुजींना नाव घालताना तारीख लागायची आणि घरी ती कोणाला माहीत नसायची, मग गुरुजी सोयीने तीच टाकायचे. त्यामुळे जुन्या दाखल-खारीज रजिस्टरवरून हा हिशेब निघत नाही, जन्मदाखल्यावरून प्रवेश झालेल्या आजच्या मुलांचाच घ्यावा लागतो.

दुसरा खड्डा लहान आकड्यांचा. चाळीस मुलांच्या वर्गातले पहिले दहा घेतले आणि त्यातले पाच जानेवारी ते मार्चचे निघाले तर लगेच उड्या मारू नका, नुसत्या योगायोगानेही एवढं सहज होतं. चार तुकड्या आणि पाच वर्षं मिळून आठशे मुलं धरा, तर पहिल्या चौथाईत म्हणजे दोनशे नंबरांत काही दिसायची आशा आहे. आणि त्या दोनशेतले पन्नास प्रत्येक तिमाहीचे असायला हवेत असंही धरू नका, जन्म काही बाराही महिने सारखे होत नाहीत. आधी सगळ्या आठशेंच्या तारखा तिमाहीनुसार मांडा, मग दोनशेंच्या, आणि दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी ठेवा. तिसरीत हे जेवढं तिरपं दिसेल त्यापेक्षा नववीत कमी तिरपं दिसायला हवं. तसं दिसलं नाही, नववीतही तेवढंच राहिलं, तर तिसरी ते नववीच्या मधे शाळेने तुकड्या कधी आणि कशावरून पाडल्या ते मुख्याध्यापकांना विचारा.