पिरॅमिड, फनेल, चक्र: पीपीटीतल्या तीन आकारांची पार्श्वभूमी

नागपुरात मार्च महिन्यात कुठल्याही कॉलेजच्या सेमिनारला बसा, तासाभरात एक पिरॅमिड दिसतोच. एमबीएवाल्यांचा गरजांचा, बीएडवाल्यांचा शिकण्याच्या पायऱ्यांचा, पर्यावरणवाल्यांचा अन्नसाखळीचा. रंग वेगळे असतात, आकार तोच: एक त्रिकोण आणि त्याला आडव्या चार-पाच रेघा. सीताबर्डीच्या डीटीपीवाल्याकडे फाइल घेऊन आलेला मुलगा सांगतो, "भाऊ, वरच्या टोकात नाव मावून नाही राहिलं." नाव न मावण्याचं कारण भूमितीत आहे, आणि हा त्रिकोण तिथे आला कसा याचा इतिहास पाहिला की ते कारण नीट कळतं.

सगळ्यात प्रसिद्ध पिरॅमिड मास्लोच्या गरजांचा. अब्राहम मास्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो काढलेला नाही. 1943च्या त्याच्या मूळ लेखात गरजांचा क्रम शब्दांत मांडलेला आहे, आकृती नाही. पुढे 1957 मध्ये कीथ डेव्हिस यांच्या व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात त्या गरजा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दाखवल्या गेल्या. त्रिकोण दिसतो तो 1960 मध्ये, चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागाराच्या लेखात. म्हणजे विचार एकाचा, आकार दुसऱ्याचा, आणि आकाराने एक नवीनच गोष्ट सांगायला सुरुवात केली: खालच्या थरात पुष्कळ लोक, टोकावर मोजके. मास्लोच्या लेखात प्राधान्याचा क्रम होता, डोकी मोजलेली नव्हती. त्रिकोण काढला की रुंदी आपोआप 'किती' हे बोलू लागते, काढणाऱ्याच्या मनात असो वा नसो.

पर्यावरणशास्त्रातला पिरॅमिड मात्र पहिल्यापासून 'किती' यावरच उभा आहे. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1927 मध्ये संख्येचा पिरॅमिड ही कल्पना मांडली: एखाद्या जागेत छोटे जीव खूप, त्यांना खाणारे कमी, त्यांना खाणारे आणखी कमी. 1942 मध्ये रेमंड लिंडमनने हेच ऊर्जेच्या भाषेत मांडलं. त्यातून आलेला शाळेतला ढोबळ नियम सगळ्यांना पाठ असतो: एका थरातली साधारण दहा टक्के ऊर्जा पुढच्या थरात पोचते. या शाखेतली जुनी पुस्तकं उघडली तर तिथे गुळगुळीत उताराचा त्रिकोण क्वचितच दिसतो. एकावर एक ठेवलेल्या, मधोमध जुळवलेल्या आडव्या पट्ट्या असतात, पट्टीची लांबी म्हणजे आकडा.

हा फरक कागदावर मोजून बघू. पेंचच्या जंगलावर पोस्टर करायचंय आणि साखळी घेतली गवत, नाकतोडा, सरडा, शिक्रा अशी. त्रिकोणाचा पाया 16 सेंटिमीटर, उंची 12, थर चार. प्रत्येक थर 3 सेंटिमीटर उंच होतो. थरांच्या तळाची रुंदी खालून वर 16, 12, 8, 4. क्षेत्रफळं काढली तर 42, 30, 18 आणि 6 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 7:5:3:1. डोळ्याला गवत शिक्र्याच्या सातपट दिसतं. दहा टक्क्यांच्या हिशेबाने मात्र ते हजारपट हवं. पट्ट्यांनी खरं प्रमाण दाखवायला गेलो तर गवताची पट्टी 16 सेंटिमीटर, नाकतोड्याची 1.6, सरड्याची 0.16, आणि शिक्र्याची 0.016. हे शेवटचं माप अर्ध्या पॉइंटच्या रेघेपेक्षाही बारीक, छापल्यावर दिसेल न दिसेल. त्यामुळे बहुतेक जण उतार काढून मोकळे होतात. त्यात गैर काही नाही, फक्त शेजारी आकडे लिहायचे, आणि रुंदी प्रमाणात नाही हे एका ओळीत सांगायचं. उताराचा त्रिकोण क्रम दाखवायला, पट्ट्यांचा संख्या दाखवायला, असं मी तरी धरून चालतो.

आता त्रिकोण काढायचाच आहे, तर तो स्वच्छ का निघत नाही ते पाहू. नेहमीची पद्धत म्हणजे PowerPointमध्ये वर एक त्रिकोण, खाली तीन समलंब चौकोन, आणि पिवळा ठिपका ओढून उतार जुळवायचा. ठिपक्याला आकडा टाइप करता येत नाही, अंदाजाने ओढावा लागतो, म्हणून प्रत्येक थराची कड किंचित वेगळी पडते. प्रोजेक्टरवर ती कड वाकडी दिसते आणि मागच्या बाकावरूनही कळते. यातली एक गंमत फार कमी जणांना माहीत असते. तो ठिपका उताराचं माप आकाराच्या लांबी-रुंदीतल्या लहान बाजूच्या प्रमाणात ठेवतो. आपल्या उदाहरणात लहान बाजू म्हणजे 3 सेंटिमीटरची उंची, आणि प्रत्येक थरात कड दोन्हीकडून 2 सेंटिमीटर आत जाते. म्हणून एक समलंब नीट जुळवा, त्याच्या प्रती काढा, उंची तशीच ठेवून फक्त रुंदी 8, 12, 16 करा. उतार आपोआप तोच राहतो. पण थर जाड आणि अरुंद असेल, म्हणजे रुंदी उंचीपेक्षा कमी झाली, तर हिशेब रुंदीवर जातो आणि उतार बिघडतो.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे उलट जाणं. आधी 16 बाय 12चा एकच अखंड त्रिकोण घ्यायचा. त्यावर 20 सेंटिमीटर रुंद, 3 उंच असे दोन आयत टाकायचे, एक वरून दुसऱ्या थरावर, एक सर्वांत खालच्या. तिन्ही निवडून `Merge Shapes` मधलं `Fragment` दाबलं की त्रिकोणाचे चार तुकडे होतात, बाजूला आयतांचे कान उरतात, ते पुसून टाकायचे. कड एकाच त्रिकोणाची असल्याने वाकडं व्हायला जागाच नाही. थरांमध्ये फट हवी असेल तर तुकडे सरकवू नका. 2 मिलिमीटर सरकवलं तरी कड सव्वा मिलिमीटरच्या आसपास चुकते. त्याऐवजी तुकड्यांना जाड पांढरी किनार द्या.

राहिलं टोकातलं नाव. PowerPointचा तयार त्रिकोण मजकुरासाठी आपल्या खालच्या अर्ध्या उंचीतला, मधला अर्धा भागच देतो. 4 बाय 3च्या टोकाला 2 बाय दीड सेंटिमीटर जागा, त्यात दोन्ही बाजूंना पाव-पाव सेंटिमीटर समास गेला की रुंदी उरते दीड सेंटिमीटर. 'शिक्रा' मावेल, मास्लोच्या टोकावरचं 'आत्मसाक्षात्कार' मावणार नाही, आणि अक्षर लहान केलं तर वेलांट्या, रफार मागच्या बाकावर वाचता येत नाहीत. सगळ्या थरांची नावं उजवीकडे एका सरळ ओळीत बाहेर ठेवायची आणि बारीक रेघेने जोडायची. एकच नाव बाहेर आणि बाकीची आत, असं केलं तर ती चूक झाकल्यासारखी दिसते.

फनेलचा इतिहास आणखी गोंधळाचा. लक्ष, रस, इच्छा, कृती ही विक्रीची चार पावलं अमेरिकेतला जाहिरात सल्लागार इ. सेंट एल्मो लुईस याच्या नावावर, 1898 सालाशी जोडली जातात. फनेलचं चित्र त्यांना 1924च्या सुमारास विल्यम टाउनसेंडने जोडलं, असं मानतात. मुळातच हे रूपक थोडं फसवं. फनेलमध्ये ओतलेलं सगळंच्या सगळं खालून बाहेर येतं. ग्राहकांचं तसं नसतं, बहुतेक वाटेत गळतात. खरं तर ती चाळणी आहे.

हा घोळ सॉफ्टवेअरमध्येही उतरला. Office XPच्या आकृत्यांच्या यादीत चक्र आणि पिरॅमिड होते, फनेल नव्हतं. Office 2007 मध्ये SmartArt आलं आणि त्यात Funnel नावाची आकृती आली, पण तिच्यात वरून तीन गोळे पडून खाली एक परिणाम निघतो. म्हणजे अनेक गोष्टी मिळून एक होते असा तिचा अर्थ. धंतोलीतल्या एखाद्या क्लासला '400 चौकशा, 160 डेमो, 40 प्रवेश' दाखवायचंय, तर ती आकृती उपयोगाचीच नाही. इथे पुन्हा मधोमध जुळवलेल्या पट्ट्याच लागतात: चौकशी 20 सेंटिमीटर, डेमो 8, प्रवेश 2. पुढे Excel 2019ने जो फनेल चार्ट दिला, तोही उतार न काढता अशाच पट्ट्या काढतो. ज्यांना निमुळतेपणा हवाच असतो, ते पट्ट्यांच्या मधल्या जागेत फिक्या रंगाचे समलंब भरतात. मात्र अर्थ पट्टीतच राहू द्यावा.

चक्राची गोष्ट जरा सरळ आहे. वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने गुणवत्ता नियंत्रणावरच्या 1939च्या पुस्तकात तपशील ठरवणं, उत्पादन करणं, तपासणं ही तीन पावलं आधी सरळ रेघेत काढली, मग तीच वळवून वर्तुळ केली. तपासणीतून मिळालेली माहिती पुन्हा तपशील ठरवण्याकडे जाते, हे दाखवण्यासाठी. 1950 मध्ये एडवर्ड्स डेमिंग या दुसऱ्या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने जपानमध्ये व्याख्यानं दिली, तिथे हे चक्र चार भागांचं झालं आणि पुढे 'योजना, कृती, तपासणी, सुधारणा' म्हणून जगभर गेलं. म्हणून चक्र काढण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: शेवटच्या घरातून पहिल्या घरात नक्की काय परत जातं? उत्तर नसेल तर बाण ओढून वर्तुळ पूर्ण करू नये, सरळ रेघ पुरते.

तयार चक्रात सगळी घरं सारखी असतात, आणि वेळेचं चक्र असेल तर तिथेच फसगत होते. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याचा आंबिया बहार घ्या. ढोबळमानाने झाडाला ताण एक महिना, फुलोरा एक महिना, फळ वाढायला आठ महिने, तोडणी दोन महिने. चार सारख्या कमानी काढल्या तर ताणाला 90 अंश मिळतात, फळाच्या वाढीलाही 90. बारा महिन्यांचे 360 अंश, म्हणजे महिन्याला 30, या हिशेबाने घरं 30, 30, 240 आणि 60 अंशांची हवीत. कमानीचे पिवळे ठिपके ओढून हे कोन जुळवण्यात संध्याकाळ जाते. त्यापेक्षा 1, 1, 8, 2 हे आकडे देऊन डोनट चार्ट काढा. पहिलं घर बारा वाजण्याच्या जागेवरून सुरू होतं, तिथे 'डिसेंबर मध्य' लिहा. दिशा दाखवायला बाहेरून एकच वळता बाण पुरे, प्रत्येक घराला वेगळं टोक काढायची गरज नाही.