‘वरेण्यं’मधलं हरवलेलं अक्षर

गायत्री मंत्र म्हटला की सेकंदाला 1,10,000 ध्वनिलहरी निर्माण होतात, असा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांची आहे आणि बोलताना आपले स्वरतंतू शे-दोनशेच्या घरात थरथरतात. म्हणजे त्या लाखभर लहरी कुणी काढल्या आणि कुणी ऐकल्या, हे विचारायलाच नको. अशा मजकुराला बहुतेक वेळा आणखी एक वाक्य जोडलेलं असतं, ‘वेदांत हजारो वर्षांत काना-मात्राही बदललेली नाही.’ हे वाक्य मात्र थापेत जमा करता येत नाही. ते बरंचसं खरं आहे आणि जिथे खरं नाही तिथेच जास्त रंजक आहे.

ऋग्वेद हे मुळात संकलन आहे. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतची मंडलं एकेका ऋषिकुळाची आहेत. तिसरं विश्वामित्रांचं, सातवं वसिष्ठांचं. त्यांभोवती पुढे बाकीची मंडलं जमली. घराघरांत पाठ असलेली सूक्तं कुणीतरी एकत्र केली, देवतांप्रमाणे लावली आणि तिथून पुढे ती बदलू नयेत याची सोय केली. या सोयीला लेखनाची गरज नव्हती. गुरूने म्हणायचं, शिष्याने ते तसंच पुन्हा म्हणायचं, ही संथेची पद्धत. पण नुसत्या संथेने चूक थांबत नाही. गुरूच्या तोंडी एक अक्षर घसरलं तर ते सगळ्या शिष्यांच्या तोंडी घसरतं.

म्हणून दुसरा पाठ तयार झाला, पदपाठ. संहितेत शब्द संधीने एकमेकांत मिसळलेले असतात, पदपाठात ते सुटे करून म्हणतात. ‘तत्सवितुर्वरेण्यम्’चा पदपाठ होतो ‘तत् । सवितुः । वरेण्यम् ।’. ऋग्वेदाचा आज चालणारा पदपाठ शाकल्य नावाच्या आचार्याचा. पाणिनी त्याचा नावानिशी उल्लेख करतो, म्हणजे तो पाणिनीच्या आधीचा.

पदांना 1, 2, 3 असे क्रमांक द्या. क्रमपाठात 1-2, 2-3, 3-4 अशा जोड्या म्हणतात. जटापाठात प्रत्येक जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. आणि घनपाठात 1-2, 2-1, 1-2-3, 3-2-1, 1-2-3, मग एक पद पुढे सरकून पुन्हा तेच. आपल्या तीन पदांचा घन असा:

तत्सवितुः सवितुस्तत्तत्सवितुर्वरेण्यं वरेण्यं सवितुस्तत्तत्सवितुर्वरेण्यम्।

हिशेब केला तर मधलं प्रत्येक पद 13 वेळा तोंडातून जातं. पण खरी गंमत 13 या आकड्यात नाही, उलट क्रमात आहे. ‘सवितुः’ या पदाकडे बघा. शेवटचा विसर्ग ‘वरेण्यम्’च्या आधी ‘र्’ होतो, ‘तत्’च्या आधी ‘स्’ होतो, आणि ‘सवितुः’ पुन्हा आलं की विसर्गच राहतो. एकच शेवट तीन रूपांत ऐकू येतो. आता समजा, एखाद्या मुलाने ‘व’च्या आधीचा ‘र्’ गिळला आणि ‘सवितु वरेण्यम्’ असं पाठ केलं. सरळ म्हणताना हे कदाचित खपून जाईल. पण 2-1ची पाळी आली की त्याच्या तोंडून ‘सवितु तत्’ निघणार, आणि समोरच्या कानांना ‘सवितुस्तत्’मधला ‘स्’ हवा असतो. तिथे तो पकडला जातो. स्वरांचंही असंच आहे. शेजारचं पद बदललं की उदात्त-स्वरित या सुरांची चढउतार बदलते, त्यामुळे चुकीचा स्वरही उलट्या क्रमात उघडा पडतो. आधार क्रमांकाचा बारावा आकडा पहिल्या अकरांवरून काढलेला असतो, एक आकडा चुकला की संगणक तो क्रमांक नाकारतो. घनपाठ हे काम तोंडी करतो, आणि कुठल्या पदाशी चूक झाली तेही दाखवतो.

या पद्धतीची परीक्षा हस्तलिखितांवर होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखितांची युनेस्कोने 2007 मध्ये जागतिक स्मृतिसंचयात नोंद केली. त्यातलं सर्वांत जुनं 1464चं आहे आणि एक काश्मिरी भूर्जपत्रावर शारदा लिपीत आहे. प्रांत वेगळे, लिप्या वेगळ्या, तरी संहिता जवळजवळ अक्षरशः एकच. महाभारताच्या पोथ्या शेजारी ठेवल्या तर फरक लगेच कळतो, तिथे श्लोकच नव्हे, आख्खी आख्यानं कमी-जास्त होतात.

पण घनपाठ जे आत घातलं तेच जपतो. तो नियमाने पदपाठावरून तयार होतो, तेव्हा पदं तोडतानाच चूक झाली तर तीही तेवढ्याच निष्ठेने जपली जाणार. असं झाल्याचा आरोप खुद्द यास्काने, वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन आचार्याने, आपल्या निरुक्त या ग्रंथात केला आहे. दहाव्या मंडलातल्या 29व्या सूक्ताची सुरुवात ‘वने न वा यो न्यधायि’ अशी आहे. शाकल्याने ‘वा’ आणि ‘यः’ ही दोन पदं केली. यास्क म्हणतो, हे एकच पद आहे, ‘वायः’, म्हणजे पक्ष्याचं पिल्लू. त्याचा पुरावा फार सुरेख आहे. ‘यः’ म्हणजे ‘जो’. तो वाक्यात असता तर वेदाच्या नियमाप्रमाणे क्रियापदावर उदात्त आला असता, आणि इथे तो नाही. शिवाय अर्थही अपुरा राहतो. म्हणजे शाकल्याची पदं चुकली असली, तरी परंपरेने जपलेल्या स्वराने त्याची साक्ष शिल्लक ठेवली. पदपाठात मात्र आजही ‘वा । यः ।’ असंच म्हणतात.

आता राहिला पदपाठाच्याही आधीचा काळ. तिथे असं संरक्षण नव्हतं, आणि त्याची खूण गायत्री मंत्रातच आहे. गायत्री छंदात आठ-आठ अक्षरांचे तीन चरण असतात. ‘भर्गो देवस्य धीमहि’ मोजा, आठ भरतात. ‘धियो यो नः प्रचोदयात्’ मोजा, आठ. आता पहिला चरण, तत्-स-वि-तुर्-व-रे-ण्यम्. सातच! कवीने ‘वरेणियम्’ असं चार अक्षरांत म्हटलं असणार. पुढच्या काळात उच्चार बदलला, ‘णिय’चं ‘ण्य’ झालं आणि संहिता पक्की झाली तेव्हा हेच रूप तिच्यात गेलं. हा एकट-दुकट प्रकार नाही. ऋग्वेदात कितीतरी ठिकाणी ‘त्वम्’ हे ‘तुअम्’ असं म्हटल्याशिवाय चरण भरत नाही. तूट सगळीकडे त्याच दोन-चार प्रकारांनी भरून निघते, म्हणून तिला कवींचा हलगर्जीपणा म्हणता येत नाही.

म्हणजे काना-मात्रा बदलली नाही हे संहिता ठरल्यानंतरचं खरं, तिच्या आधीचं नाही. जुन्यांना ही तूट ठाऊक होती. पिंगलाच्या छंदःसूत्रात चरण कमी पडला तर ‘इय’ वगैरे घालून पुरा करावा असं सूत्र आहे, आणि पाठात ‘वरेण्यम्’, जपात ‘वरेणियम्’ असा दंडकही आहे. पाठ कुणी दुरुस्त केला नाही, कारण पाठ करणाऱ्याचं काम दुरुस्तीचं नव्हतंच.

‘त्र्यंबकं यजामहे’ हा चरणही मोजून पाहा. तोही सातच अक्षरांचा आहे, ‘त्रियंबकं’ म्हटलं की आठ होतात. आणि ही ऋचा तर शाकल्याने पदपाठ न केलेल्या मोजक्या सहा ऋचांपैकी एक आहे. ती सातव्या मंडलातल्या 59व्या सूक्ताच्या अगदी शेवटी आहे. मरुतांच्या सूक्तात ती नंतर जोडली गेली असावी, असं अभ्यासक मानतात.