पिकलेला रातांबा कॅमेऱ्याला कसा कळतो

रंगानुसार वस्तू वेगळ्या करणारा सरकता पट्टा बहुतेक वेळा प्लास्टिकच्या लाल-हिरव्या ठोकळ्यांवर चालवून दाखवतात. ठोकळ्यांवर तो चालतोच. कोकणात मे महिन्यात असं मॉडेल करायचं असेल, तर त्यावर रातांबे टाकून पाहावेत. कच्चा रातांबा हिरवा, पिकला की लाल, आणि पुरता पिकला की काळपट जांभळा. आमसुलं आणि आगळ यांना पिकलेलंच फळ लागतं, त्यामुळे निवडणीला खरा अर्थ असतो. आणि स्वस्त कॅमेरा कुठे फसतो ते इथे लगेच उघड होतं.

मॉडेलचे भाग मोजकेच. मोटरवर फिरणारा पट्टा, वर टांगलेला यूएसबी वेबकॅम, चित्र तपासणारा रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप, आणि फळाला बाजूला ढकलणारी फळी, जी छोट्या सर्व्हो मोटरने फिरते.

कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे देतो. यावरून थेट निवाडा करायला गेलं की अडचण येते, कारण सावली पडली तर तिन्ही आकडे एकदम घसरतात. म्हणून ते तीन आकडे आधी दुसऱ्या तीन आकड्यांत बदलून घेतात: रंगछटा, रंगाचा गडदपणा आणि उजेड. सावलीत उजेडाचा आकडा खूप पडतो, छटेचा फारसा हलत नाही. ओपनसीव्ही या मोफत सॉफ्टवेअरमध्ये छटा 0 ते 179 या आकड्यांत मोजतात. छटा वर्तुळावर मांडलेल्या असतात आणि लाल रंग नेमका त्या वर्तुळाच्या सांध्यावर बसतो. नारिंगीकडे झुकणारा लाल 0 च्या पुढे, जांभळ्याकडे झुकणारा 179 च्या अलीकडे. त्यामुळे पिकलेला रातांबा एका पट्टीत मावत नाही, दोन पट्ट्या घेऊन जोडाव्या लागतात:

```
hsv = cv2.cvtColor(frame, cv2.COLOR_BGR2HSV)
a = cv2.inRange(hsv, (0, 80, 30), (10, 255, 255))
b = cv2.inRange(hsv, (165, 80, 30), (179, 255, 255))
red = cv2.bitwise_or(a, b)
```

इथले आकडे सुरुवातीपुरते आहेत. आपल्या दिव्याखाली आपलीच फळं ठेवून ते बसवून घ्यावे लागतात. एक मात्र विसरू नये: 165 ची पट्टी राहून गेली, तर सगळ्यात जास्त पिकलेली फळंच निसटतात.

तीच फळं पट्ट्याच्या रंगामुळेही निसटतात. मॉडेलला सहसा काळं रबर किंवा काळं रेक्झीन लावतात. काळपट रातांबा काळ्या पट्ट्यावर आला की दोघांचा उजेडाचा आकडा जवळजवळ सारखा येतो, आणि इतक्या अंधाऱ्या ठिपक्यांची छटा भरवशाची नसते. पडद्यावर फळाच्या जागी लाल ठिपक्यांची विस्कटलेली रांगोळी दिसते. फिका निळा, चमक नसलेला पट्टा लावला की हा प्रश्न मिटतो. निळ्याची छटा 110 च्या आसपास असते, म्हणजे लाल आणि हिरवा या दोन्हींपासून लांब, आणि फळाची सावली पट्ट्यावर पडली तरी तो निळाच वाचला जातो.

यानंतरची चूक कॅमेऱ्याच्या हुशारीतून येते. वेबकॅम उजेड आणि पांढऱ्या रंगाचा तोल आपला आपण साधत असतो. चार-पाच लाल फळं एकदम आली की त्याला वाटतं दिवाच लालसर आहे, आणि तो सगळं चित्र लालाच्या उलट दिशेने ओढतो. तेवढ्यात मागून आलेल्या हिरव्या फळाचा आकडाही हलतो. एकेक फळ सोडल्यावर निवड बरोबर आणि घोळक्यात चुकते, असं दिसलं तर आधी इथे पाहावं. लिनक्सवर हा आपोआपपणा असा बंद होतो:

```
v4l2-ctl -d /dev/video0 -c white_balance_automatic=0
v4l2-ctl -d /dev/video0 -c auto_exposure=1
v4l2-ctl -d /dev/video0 -c exposure_time_absolute=100
```

जुन्या आवृत्त्यांत ही नावं थोडी वेगळी असतात. `v4l2-ctl -l` दिलं की आपल्या कॅमेऱ्याची नावं समोर येतात. शेवटच्या ओळीतला 100 म्हणजे एका चित्रासाठी 10 मिलिसेकंद उजेड घेणं. हा आकडा विचार करून घेतलेला आहे. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून साधे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. 10 मिलिसेकंदांत एक पूर्ण चढउतार येतो आणि चित्रावर आडवे काळे पट्टे उमटत नाहीत. पट्टा सेकंदाला 15 सेंटिमीटर सरकत असेल, तर तेवढ्या वेळात फळ दीड मिलिमीटर हलतं. एवढी अस्पष्टता चालते. संध्याकाळी उजेड कमी पडला, तर वेळ वाढवण्याऐवजी दिवा वाढवावा आणि त्याला बटर पेपर लावावा, म्हणजे ओल्या सालीवर पांढरा चकाका येत नाही.

आता ढकलण्याची वेळ. कॅमेऱ्याच्या रेषेपासून फळी 30 सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या वेगाने फळ 2 सेकंदांत तिथे पोचतं. पण घड्याळ लावून 2 सेकंद मोजणं इथे टिकत नाही. गावाकडे व्होल्टेज घसरलं की मोटर मंदावते, आणि दमट हवेत पट्टा रुळावरून घसरतोही. त्यापेक्षा पट्टा किती पुढे गेला तेच मोजावं. 4 सेंटिमीटर व्यासाच्या रुळावर 20 खाचांची चकती बसवली, तर रुळाच्या एका फेरीत पट्टा साधारण साडेबारा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे एका खाचेला सुमारे 0.63 सेंटिमीटर. 30 सेंटिमीटरला 48 खाचा. चित्र तयार होऊन हाती यायला दहावा भाग सेकंद जातो असं धरलं, तर तेवढ्यात 2 खाचा सरतात. सर्व्होला फळी 60 अंश फिरवायला 0.12 सेकंद लागत असतील, तर आणखी 3 जातात. म्हणून आज्ञा 43 व्या खाचेला द्यायची. चकती मोटरच्या रुळावर नको, दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या रुळावर हवी. पट्टा घसरला तरी मोटरचा रूळ फिरतच राहतो आणि खोटं मोजतो.

एवढं जमल्यावरही एक गोष्ट उरते. कुडाळकडे आमसुलं करणाऱ्या एका काकूंनी पिकलेल्या ढिगातलं एक लालबुंद फळ उचललं, बोटांत फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्यो खालसून हिरवो आसा." ऊन लागलेली बाजू लाल, दुसरी हिरवी. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला अर्धंच फळ दिसतं, आणि सेकंदाला 30 चित्रं घेतली तरी तीसही चित्रं त्याच अर्ध्याची असतात. उपाय कॅमेऱ्यात नाही, पट्ट्यावर आहे. कॅमेऱ्याच्या नजरेखाली रबराची मऊ झालर आडवी टांगायची, जिला अडून फळ जागच्या जागी गडगडेल आणि मग पुढे निसटेल. तेवढ्या वेळातल्या सगळ्या चित्रांतून फळाचा सर्वांत कमी लाल भाग लक्षात ठेवायचा आणि निवाडा त्यावर करायचा. मात्र झालरीखाली फळ किती रेंगाळेल ते सांगता येत नाही, म्हणून खाचांची मोजणी झालरीच्या पुढे, फळ सुटून दुसरी रेषा ओलांडेल तिथून सुरू करावी लागते.

हीच युक्ती हापूसला लावायचा मोह होईल, पण तिथे रंग उपयोगाचा नाही. चौदा आणे तयार झालेला आंबा हिरवाच काढतात, आणि आतला साका बाहेरच्या सालीवर दिसत नाही.

शेवटी किती लाल असलं की पिकलेलं मानायचं, हा प्रश्न उरतो. आधी हाताने निवडून खूण केलेली फळं पट्ट्यावरून सोडावीत आणि दोन चुका वेगवेगळ्या मोजाव्यात: हिरवं फळ पिकलेल्यांत किती वेळा गेलं, आणि पिकलेलं हिरव्यांत किती वेळा. दोन्हींचं नुकसान सारखं नसतं. हिरवी फळं मिसळली की आगळाचा रंग फिका पडतो आणि ती नंतर वेगळी करता येत नाहीत. उलट हिरव्या ढिगात गेलेलं पिकलेलं फळ हाताने वर काढता येतं. म्हणून मर्यादा मुद्दाम वर ठेवावी, समजा 80 टक्के लाल, आणि हिरव्या ढिगावरून माणसाची नजर एकदा फिरू द्यावी.